एक सूत्र, शंभर उत्तरे

पाढ्यांचा तक्ता आपल्या परिचयाचा आहे. अंकलिपीच्या पानावर एकापासून दहापर्यंतचे पाढे उभ्या रांगांत शेजारी शेजारी मांडलेले असतात. हाच तक्ता संगणकावरील स्प्रेडशीटमध्ये तयार करायचा झाल्यास शंभर गुणाकार शंभर वेळा लिहावे लागत नाहीत. एका सेलमध्ये एकच सूत्र लिहायचे आणि ते उरलेल्या नव्याण्णव सेलमध्ये उतरवायचे, एवढेच काम उरते. मात्र ते सूत्र विचारपूर्वक लिहिले नाही, तर तक्ता चुकतो. एवढेच नव्हे, तर चुकलेला तक्ता पहिल्या नजरेला बरोबरही वाटू शकतो. असे का घडते आणि ते कसे टाळता येते, हे या पाठात आपण पाहणार आहोत.

तक्त्याची मांडणी

स्प्रेडशीट म्हणजे आडव्या ओळी आणि उभे स्तंभ यांनी बनलेले चौकटींचे जाळे. प्रत्येक चौकटीला सेल म्हणतात. स्तंभांना A, B, C अशी अक्षरे आणि ओळींना 1, 2, 3 असे अंक दिलेले असतात. अक्षर आणि अंक मिळून सेलचा पत्ता तयार होतो. उदाहरणार्थ, B2 म्हणजे B या स्तंभातील दुसऱ्या ओळीतला सेल होय.

आपल्या तक्त्यासाठी A1 हा कोपऱ्यातील सेल रिकामा ठेवावा. A2 पासून A11 पर्यंत खाली उतरत १ ते १० या संख्या लिहाव्यात. त्याचप्रमाणे B1 पासून K1 पर्यंत उजवीकडे जात १ ते १० लिहाव्यात. डाव्या स्तंभातील संख्या आणि वरच्या ओळीतील संख्या जिथे एकमेकींना भेटतात, तिथे त्यांचा गुणाकार यायला हवा. पहिली भेट B2 मध्ये होते. तिथे A2 आणि B1 यांचा गुणाकार हवा, म्हणून कोणीही सहजपणे पुढील सूत्र लिहील.

```
=A2*B1
```

स्प्रेडशीटमध्ये सूत्राची सुरुवात बरोबरच्या चिन्हाने होते आणि गुणाकारासाठी तारांकन वापरतात. एंटर कळ दाबताच B2 मध्ये १ हे उत्तर दिसते. एकाला एकाने गुणल्यास एक येतो. येथपर्यंत सारे ठीक आहे.

सापेक्ष संदर्भ: शेजारच्या घराचा पत्ता

आता B2 मधील सूत्र उजवीकडे K2 पर्यंत उतरवले, तर पहिल्या ओळीत १, २, ३, ४ अशी उत्तरे मिळावीत अशी आपली अपेक्षा असते. प्रत्यक्षात तिथे १, २, ६, २४, १२०, ७२० अशा संख्या उमटतात आणि K2 मध्ये १० ऐवजी ३६,२८,८०० ही संख्या येते. याचे कारण त्या सेलमधील सूत्रे वाचली म्हणजे कळते.

```
B2   =A2*B1
C2   =B2*C1
D2   =C2*D1
```

सूत्र एक घर उजवीकडे सरकले, तेव्हा त्यातील दोन्ही पत्तेही एक घर उजवीकडे सरकले. B1 चा C1 झाला, ते योग्यच झाले. परंतु A2 चा B2 झाला. म्हणजे C2 हा सेल डाव्या स्तंभातील संख्या न घेता आपल्या शेजारच्या सेलमधील उत्तर घेऊ लागला. प्रत्येक उत्तर पुढच्या उत्तरात गुणले जाऊ लागले आणि संख्या भराभर फुगत गेल्या.

यात संगणकाची काही चूक नाही. आपण A2 असे लिहितो, तेव्हा संगणक त्याचा अर्थ 'माझ्या लगत डावीकडचे घर' असा घेतो. B1 चा अर्थ तो 'माझ्या लगत वरचे घर' असा घेतो. 'शेजारच्या घरी चौकशी करा' ही सूचना दहा घरांना दिली, तर प्रत्येक घराचा शेजारी निराळा असतो. सूचना तीच राहते, पण तिने दाखवलेले ठिकाण बदलते. सूत्र जिथे ठेवले आहे त्या जागेच्या अपेक्षेने ज्याचा अर्थ ठरतो, अशा पत्त्याला सापेक्ष संदर्भ म्हणतात. कोणतेही विशेष चिन्ह न लावता लिहिलेला पत्ता सापेक्ष असतो.

हेच सूत्र खालच्या ओळींतही उतरवले, तर एक गंमत दिसते. C3 मध्ये ४ हे उत्तर येते आणि ते बरोबर आहे, कारण दोन दुणे चारच होतात. परंतु हा निव्वळ योगायोग आहे. त्या सेलने खरे तर शेजारच्या B3 मधील २ आणि वरच्या C2 मधील २ यांचा गुणाकार केला आहे. त्याच्या पुढचे D3 पाहिले, तर तिथे ६ ऐवजी २४ दिसतात. उजव्या खालच्या कोपऱ्याकडे जावे तसतशा संख्या इतक्या मोठ्या होतात, की त्या संगणकाच्या मर्यादेपलीकडे जातात आणि एक्सेलमध्ये तिथे `#NUM!` अशी खूण उमटते.

निरपेक्ष संदर्भ: कायमचा पत्ता

पत्ते सरकतात ही अडचण असेल, तर ते पक्के करावेत, असा विचार साहजिकच मनात येतो. त्यासाठी स्प्रेडशीटमध्ये डॉलरचे चिन्ह वापरतात. या चिन्हाचा पैशाशी येथे काहीही संबंध नाही. 'माझ्यानंतर येणारा भाग बदलू नये' एवढाच त्याचा अर्थ आहे. अक्षराआधी आणि अंकाआधी अशा दोन्ही ठिकाणी ते लावले, की पत्ता पूर्णपणे पक्का होतो. सूत्र कुठेही नेले तरी तो बदलत नाही. अशा पत्त्याला निरपेक्ष संदर्भ म्हणतात.

```
=$A$2*$B$1
```

हे सूत्र B2 मध्ये लिहून सर्व सेलमध्ये उतरवले, तर शंभरही ठिकाणी १ हेच उत्तर दिसते. प्रत्येक सेल A2 मधला एक आणि B1 मधलाही एक घेतो आणि त्यांचाच गुणाकार करतो. मघाशी दोन्ही पत्ते मोकळे होते, आता दोन्ही जखडले गेले. पाढ्यांच्या तक्त्याला यांपैकी कोणतीच टोकाची अवस्था मानवत नाही.

मिश्र संदर्भ: अर्धा पक्का, अर्धा मोकळा

सूत्र लिहिण्यापूर्वी तक्त्याकडे पाहून दोन प्रश्न विचारावेत. पहिला प्रश्न असा की, डावीकडची संख्या नेहमी कोठून यायला हवी? ती नेहमी A स्तंभातूनच यायला हवी. सूत्र कितीही उजवीकडे गेले, तरी A हे अक्षर बदलता कामा नये. मात्र सूत्र एक ओळ खाली गेले, की संख्याही एक ओळ खालची हवी. म्हणजे अक्षर पक्के आणि अंक मोकळा असावा. हे `$A2` असे लिहितात.

दुसरा प्रश्न वरच्या संख्येविषयी आहे. ती नेहमी पहिल्या ओळीतूनच यायला हवी. सूत्र कितीही खाली उतरले, तरी 1 हा अंक बदलता कामा नये. मात्र सूत्र उजवीकडे सरकले, की पुढच्या स्तंभातील संख्या घ्यायला हवी. म्हणजे येथे अक्षर मोकळे आणि अंक पक्का असावा. हे `B$1` असे लिहितात. ज्या पत्त्याचा एक भाग पक्का आणि दुसरा मोकळा असतो, त्याला मिश्र संदर्भ म्हणतात. दोन्ही उत्तरे एकत्र केली की हवे असलेले सूत्र तयार होते.

```
=$A2*B$1
```

हे सूत्र B2 मध्ये लिहून एंटर कळ दाबावी. मग B2 पुन्हा निवडावा. त्या सेलच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एक लहान चौकोन दिसतो. तो माउसने धरून K2 पर्यंत ओढावा. B2 ते K2 ही ओळ निवडलेलीच असताना तसाच चौकोन धरून अकराव्या ओळीपर्यंत खाली ओढावे. संपूर्ण तक्ता भरून जातो. आता I8 या सेलमधील सूत्र वाचून पाहावे.

```
=$A8*I$1
```

A8 मध्ये ७ आहेत, I1 मध्ये ८ आहेत आणि उत्तर ५६ आले आहे. A हे अक्षर आणि 1 हा अंक जसेच्या तसे राहिले. ज्यांना बदलायचे होते, तेवढेच भाग बदलले.

या सूत्राचा आणखी एक लाभ आहे. वरच्या ओळीतील १ ते १० या संख्यांच्या जागी ०.२५, ०.५, ०.७५, १.२५, १.५ आणि २.५ लिहिले, तर सूत्राला हातही न लावता पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि अडीचकी हे अपूर्णांकांचे जुने पाढे उभ्या स्तंभांत तयार होतात. सूत्राने संख्या लक्षात ठेवलेल्या नसतात. त्याने केवळ त्या कोठून घ्यायच्या, एवढेच लक्षात ठेवलेले असते.

चिन्ह कसे उमटवावे

डॉलरचे चिन्ह कळफलकावरून लिहिता येते. त्याखेरीज एक सोपी रीतही आहे. सूत्र लिहिताना A2 हा पत्ता लिहून लगेच F4 ही कळ दाबली, तर तो `$A$2` होतो. पुन्हा दाबल्यास `A$2`, तिसऱ्यांदा `$A2` आणि चौथ्यांदा पुन्हा मूळचा `A2` होतो. एक्सेल आणि लिब्रेऑफिस कॅल्क या दोन्हींत हीच रीत चालते. काही लॅपटॉपवर F4 सोबत Fn ही कळही दाबून धरावी लागते.

पत्ता पक्का की मोकळा, हा प्रश्न स्प्रेडशीटच्या जन्मापासूनचा आहे. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँक्स्टन यांची व्हिझिकॅल्क ही स्प्रेडशीट १९७९ मध्ये बाजारात आली. तिच्यात सूत्र उतरवताना प्रत्येक पत्त्यासाठी तो तसाच ठेवायचा की जागेप्रमाणे बदलायचा, हे संगणक विचारत असे. १९८३ मध्ये आलेल्या लोटस १-२-३ मध्ये मात्र डॉलरच्या चिन्हाने हे उत्तर सूत्रातच लिहून ठेवता येत असे. आजही तीच पद्धत चालू आहे. संगणक आता विचारत नाही, म्हणून लिहिणाऱ्यानेच आधी विचार करावा लागतो.

लपून राहणारी चूक

दोन्हींपैकी एकच चिन्ह लावले आणि दुसरे विसरले, तर काय होते? समजा, सूत्र `=$A2*B1` असे लिहिले. पहिल्या ओळीत १ ते १० ही उत्तरे अगदी बरोबर येतात. दुसऱ्या ओळीत २, ४, ६, ८ असा दोनाचा पाढाही बरोबर येतो. येथवर पाहून थांबणाऱ्याला तक्ता जमला असेच वाटेल. परंतु तिसऱ्या ओळीत ३, ६, ९ यांऐवजी ६, १२, १८ अशी उत्तरे, म्हणजे तिनाच्या जागी सहाचा पाढा आलेला असतो.

याचे कारण असे आहे. अंक मोकळा राहिल्यामुळे प्रत्येक ओळ शीर्ष ओळीऐवजी आपल्या लगत वरच्या ओळीतील उत्तरे घेते. उत्तरांच्या पहिल्या ओळीत आणि शीर्ष ओळीत योगायोगाने त्याच संख्या आहेत, कारण एकाने गुणल्याने संख्या बदलत नाही. म्हणून दुसरी ओळ बिघडत नाही. तिसरी ओळ मात्र दोनाच्या पाढ्याला तिनाने गुणते आणि तेथे चूक उघडी पडते. याउलट `=A2*B$1` असे लिहिले, तर पहिले दोन स्तंभ बरोबर येतात आणि तिसऱ्यापासून बिघाड सुरू होतो.

यावरून तपासणीची रीत ठरते. सुरुवातीच्या सेलजवळ तपासून भागत नाही. दोन्ही संख्या दोनापेक्षा मोठ्या आणि एकमेकींहून वेगळ्या असतील असा, मध्यातला एखादा सेल निवडावा. सात आठे छप्पन येतात का, ते पाहावे. शेवटच्या कोपऱ्यात, म्हणजे K11 मध्ये, १०० आले आहेत का, तेही पाहावे. त्यानंतर त्या सेलवर टिचकी मारून वरच्या पट्टीत दिसणारे सूत्र वाचावे. उत्तरावरून चूक आहे एवढेच कळते. ती कोणती आहे, हे सूत्र वाचल्यावरच कळते. उदाहरणार्थ, `=$A$2*$B$1` या सूत्राने सगळीकडे १ येतो, हे आपण पाहिले. चिन्हे उलटी लावून `=A$2*$B1` असे लिहिले, तरी सगळीकडे १ च येतो.

दुकानातील दरपत्रक

पाढ्यांच्या तक्त्यात चूक झाली, तर ती आपल्याला पाठ असलेल्या उत्तरांमुळे लक्षात येते. व्यवहारातील तक्त्यांची उत्तरे मात्र कोणाला पाठ नसतात. समजा, एका किराणा दुकानाचे दरपत्रक करायचे आहे. A स्तंभात मालाचे नाव, B स्तंभात किलोचा दर आणि C1 ते F1 मध्ये ०.२५, ०.५, ०.७५ आणि १ ही किलोतील वजने आहेत. सणानिमित्त सर्व मालावर ५ टक्के सूट द्यायची आहे आणि ती H1 या एकाच सेलमध्ये 5% अशी लिहिली आहे.

येथे दर B स्तंभात असल्यामुळे `$B2` लिहावे लागेल आणि वजन C पासून सुरू होत असल्यामुळे `C$1` लिहावे लागेल. मघाचे सूत्र पाठ करून येथे उपयोग नाही, मघाचे दोन प्रश्न मात्र तसेच विचारावेत. सूट एकाच ठिकाणी लिहिलेली आहे. सूत्र खाली जावो वा उजवीकडे, ती तेथूनच घ्यायची आहे. म्हणून तिचा पत्ता दोन्ही बाजूंनी पक्का हवा. C2 मधील सूत्र असे होईल.

```
=$B2*C$1*(1-$H$1)
```

दुसऱ्या ओळीत तूरडाळ असून तिचा दर किलोला १६० रुपये आहे, असे मानू. पाव किलोचे ४० रुपये होतात आणि सूट वजा जाता ३८ रुपये राहतात. अर्ध्या किलोचे ८० रुपयांऐवजी ७६ रुपये होतात.

आता H1 ची दोन्ही चिन्हे विसरली, असे समजू. C2 मध्ये ३८ हेच बरोबर उत्तर येते, कारण सूत्र अजून आपल्या मूळ जागी आहे. परंतु D2 मध्ये उतरवलेले सूत्र सूट I1 मध्ये शोधते. तो सेल रिकामा आहे आणि हिशेबात रिकामा सेल शून्य मानला जातो. सूट शून्य धरली जाऊन अर्ध्या किलोचे ८० रुपये दाखवले जातात. खालच्या C3 मधील सूत्र H2 कडे पाहते आणि तोही रिकामाच असतो. परिणामी पाव किलो तूरडाळीवर तेवढी सूट मिळते, उरलेल्या सर्व मालावर पूर्ण किंमत लागते. चुकीची कोणतीही खूण पडद्यावर उमटत नाही आणि सर्व किमती वाजवी दिसतात. पाढ्यांच्या तक्त्यात फुगलेल्या संख्यांनी चूक उघड केली होती. येथे मात्र ती ग्राहकाच्या खिशातूनच भरून निघते. ही चूक शोधण्याचा एक सोपा उपाय आहे. H1 मधील 5% बदलून क्षणभर 50% करावेत. सर्वच किमती उतरल्या, तर सूत्र बरोबर आहे. ज्या किमती जागच्या हलल्या नाहीत, त्या सूट घेतच नाहीत, हे उघड होते.

डॉलरच्या चिन्हाची मर्यादा

हे चिन्ह पत्ता राखते, सेलमधील मजकूर नाही. `$H$1` असे लिहिल्याने H1 ला कुलूप लागत नाही. तेथील संख्या कोणीही बदलू शकतो आणि तशी ती बदलता यावी, हाच तर तिला वेगळ्या सेलमध्ये ठेवण्याचा हेतू आहे. तसेच, तक्त्याच्या वर एखादी नवी ओळ घातली, तर सूट H2 मध्ये सरकते आणि सर्व सूत्रांतील पत्ताही आपोआप `$H$2` होतो. चिन्ह असूनही पत्ता बदलला, म्हणून गोंधळून जाऊ नये, कारण सूत्र अजूनही त्याच सुटीकडे पाहत असते. डॉलरचे चिन्ह केवळ सूत्र उतरवतानाच काम करते. सूत्र न उतरवता कापून दुसरीकडे चिकटवले, तर चिन्ह नसलेले पत्तेही बदलत नाहीत.

सरावासाठी

१. पाढ्यांच्या तक्त्यात B2 मध्ये `=$A2*B$1` हे सूत्र आहे. ते F5 मध्ये उतरवल्यावर कसे दिसेल आणि तेथे कोणते उत्तर येईल?

२. एका विद्यार्थ्याच्या तक्त्यात पहिले दोन स्तंभ बरोबर आहेत आणि तिसऱ्या स्तंभापासून उत्तरे चुकली आहेत. त्याने कोणते चिन्ह लावायचे राहून गेले असावे?

३. किराणा दुकानाच्या दरपत्रकात `$H$1` ऐवजी `H$1` असे लिहिले, तर कोणत्या किमतींत सूट मिळेल आणि कोणत्या किमतींत मिळणार नाही? सूत्रे उतरवून पाहण्याआधी उत्तर वहीत लिहावे आणि मग ताडून पाहावे.